आठ, दहाला दोन कमी

सापळा बांधावरच्या काठीला टांगलेला होता. त्याची प्लॅस्टिकची पिशवी तळाशी बांधलेली होती. भाऊंनी ती सोडून तळहातावर रिकामी केली आणि आम्ही दोघांनी मेलेले पतंग मोजले. चौदा भरले. आदल्या दिवशी बारा आणि त्याच्या आदल्या दिवशी अकरा निघाले होते. आकडे त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. मी विचारलं, "भाऊ, मग फवारणी काऊन नाही केली?"

ते शांतपणे म्हणाले, "ताई, साठ कुठं झाले अजून? तुमच्याच फोनात त सांगतलं होतं, साठ पतंग आले की मारा म्हणून."

तो निरोप मी लिहिला होता. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली. त्यानंतरच्या हंगामांत मी एका संस्थेसाठी शेतकऱ्यांच्या फोनवर जाणारे ध्वनिमुद्रित निरोप लिहीत होते. एकेक निरोप पाऊण मिनिटाचा, आठवड्यातून दोनदा जायचा. यवतमाळ जिल्ह्यातलं ते गाव आमच्या यादीत होतं. कामगंध सापळ्यात दर रात्री आठ पतंग, तेही सलग तीन रात्री आले, तर फवारणीची वेळ झाली, असं शिफारशीत होतं. मी आठच लिहिलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मी तो निरोप साध्या, बटणांच्या फोनवर लावला. वाक्य असं होतं: "सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यास आठ पतंग आढळल्यास फवारणी करावी." तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं. कागदावर "सापळ्यास" आणि "आठ" यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. बोलताना ती जागा उरतच नाही. शब्दाच्या शेवटचा स् पुढच्या आ ला जाऊन चिकटतो आणि "सापळ्या साठ" होतं. वाचणारीचा उच्चार स्वच्छ होता, चूक तिची नव्हतीच. मी दोन शब्द असे शेजारी बसवले होते की त्यांतून तिसराच शब्द तयार झाला.

आठ आणि साठ यांतला फरक कागदावर केवढा तरी असतो. भाऊंच्या शेतात तो फरक दोन आठवड्यांचा झाला होता. या अळीचं वैशिष्ट्य असं की अंड्यातून निघाल्यावर ती लवकरच पात्यात, फुलात किंवा बोंडात शिरते. एकदा बोंडात गेली की आत जायचं छिद्र बुजून जातं आणि फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. आम्ही वीस हिरवी बोंडं फोडली. सात बोंडांत गुलाबी पट्ट्यांच्या अळ्या होत्या. भाऊ मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटून खिशात ठेवली, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर मी जुने सगळे निरोप काढून बसले. डोळ्यांनी न वाचता फक्त ऐकले. "औषधाचा अवाजवी वापर टाळा" या वाक्यात "चा" मधल्या आ नं पुढचा अ गिळला होता आणि ऐकू येत होतं "औषधाचा वाजवी वापर टाळा". नेमका उलटा अर्थ. अ लावून केलेले नकारार्थी शब्द, असुरक्षित, अयोग्य, अवेळी, आकारान्त शब्दामागून आले की सगळे असेच पडतात. "वारा असताना फवारणी करू नये" हे घाईत "करून ये" होतं. घरातला मोठा माणूस धाकट्याला सांगतो, तसं. तेव्हापासून मी "नये" लिहिणं सोडलं. "फवारू नका." यातल्या का वर आवाज टेकतो, तो कुठं हरवत नाही.

आणखी एक चूक याच गावात सापडली. "हेक्टरी पाच सापळे" असं मी लिहिलं होतं. शेजारच्या एका काकांनी एकरात पाच लावले होते. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे त्यांनी अडीच पट खर्च केला. ह हा नुसता श्वास आहे. त्यात साधारण फोनवरून आवाजाचा मधलाच पट्टा जातो, 300 ते 3400 हर्ट्झच्या आसपासचा. स, फ यांसारख्या घासून निघणाऱ्या ध्वनींचा बराचसा जोर त्याच्या वर असतो, तो कापला जातो. ट्रॅक्टर चालू असेल, तर उरलेलाही जातो. तेव्हा "हेक्टरी" आणि "एकरी" यांच्यात फोनवर निवड करायला कानाकडे फारसं काही नसतंच. खरं तर हेक्टर हा आमच्या कागदांचा शब्द. गावात कुणी हेक्टरात मोजत नाही. मी "एकराला दोन सापळे" असं लिहायला हवं होतं.

मोठ्या आकड्यांचंही तसंच झालं. पेरणीनंतर "पंचेचाळीस दिवसांनी" सापळे लावा, हे वाक्य वाचताना आमची निवेदिका दर खेपेला अडखळायची. ऐकणाऱ्यांतला कुणी पंचेचाळीस म्हणे, कुणी पंचावन्न. "दीड महिन्यानं" लिहिलं, तर अडखळणं आणि गोंधळ दोन्ही गेले.

मग मूळ निरोप पुन्हा लिहिला. "रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा. आठ पतंग. दहाला दोन कमी, आठ. तीन दिवस रोज एवढे निघाले, की फवारा. वारा सुटला असेल, तर फवारू नका." आकडा वाक्याच्या सुरुवातीला ठेवला, म्हणजे त्याआधी श्वास घ्यावाच लागतो आणि मागचं अक्षर येऊन चिकटत नाही. शिवाय तोच आकडा दुसऱ्या वाटेनंही सांगितला. कुणी साठ ऐकलंच, तरी दहाला दोन कमी म्हटल्यावर ते टिकत नाही.

तपासण्याची रीतही बदलली. आधी आम्ही कार्यालयात हेडफोन लावून ऐकायचो आणि विचारायचो, "समजलं ना?" सगळे हो म्हणायचे. आता निरोप जाण्याआधी गावातल्या चहाच्या टपरीवर, साध्या फोनवर, एकदाच ऐकवायचा. मग विचारायचं, "सांगा बरं, किती झाले की काय करायचं?" पाच जणांपैकी एकानंही चुकीचा आकडा सांगितला, तरी वाक्य परत लिहायचं. पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त वाक्यं परत आली.

एका जागी मात्र माझं काही चाललं नाही. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस. ही नावं मी बदलू शकत नाही, आणि तिन्हींचं शेपूट एकच. फोनवर ऐकणाऱ्याच्या लक्षात नेमकं "फॉस" राहतं आणि दुकानदार जे असेल ते देतो. नाव सावकाश वाचून पाहिलं, तोडून वाचून पाहिलं, दोनदा वाचून पाहिलं. टपरीवर एकालाही ते नीट परत सांगता आलं नाही. शेवटी औषधाचं नाव निरोपातून काढूनच टाकलं. त्या जागी वाक्य आलं: "औषधाचं नाव आणि माप लिहून पाठवलं आहे. दुकानात तेच दाखवा." मागोमाग देवनागरीतला मेसेज जायचा.

पुढच्या हंगामात त्या गावात गेले, तेव्हा भाऊ सापळ्यापाशीच भेटले. आकड्यांपलीकडे वाचता येत नाही म्हणून त्यांनी तो मेसेज नातवाकडून वहीत उतरवून घेतला होता आणि पान फाडून दुकानात नेलं होतं. वहीत त्याच्या आदल्या पानावर तीन दिवसांचे आकडे होते. आठ, नऊ, नऊ.