पाच ऑगस्टपासून

जळगाव, १० फेब्रुवारी २०२५
घरकर्जाची फाइल बँकेत अडली. पगाराच्या पावत्या चालल्या, पीएफचा उतारा चालला. साहेब म्हणाले, "पर्मनंट झाल्याचं पत्र जोडा." ते माझ्याकडे नाही. एचआरमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "अरे, तू कधीच पर्मनंट झालास, काळजी करू नको." बँक हे वाक्य जोडून घेत नाही.

११ फेब्रुवारी
रात्रपाळी उतरून आलो आणि नेमणूकपत्र काढून नीट वाचलं. प्रोबेशन सहा महिने. गरज पडली तर लेखी कळवून आणखी सहा महिने वाढवता येईल, त्यापुढे नाही. पण त्याच्याच खाली एक ओळ आहे: लेखी कायम केल्याशिवाय कर्मचारी प्रोबेशनवरच समजला जाईल. रुजू झालो ५ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे सहा महिने ४ ऑगस्टला भरले. वाढवल्याचं पत्र आलं नाही. आता तर वाढीव सहा महिनेही उलटले. प्रोबेशनवर पंधरा दिवसांच्या नोटिशीत काढता येतं, पर्मनंटला महिन्याची नोटीस लागते. मी नेमका कुठल्या बाजूला आहे, हे या कागदावरून सांगता येत नाही.

धुळे, १६ फेब्रुवारी
पारोळामार्गे एसटीने घरी. आजीने दारातच विचारलं, "कागद उना का?" ताईला हसू आलं. ती अनुदानित शाळेत शिकवते. खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यात तिची सोय आहे: रिक्त कायम जागेवर नेमलेल्याने ठरलेलं प्रोबेशन पूर्ण केलं की तो कायम झाला असंच धरलं जातं. माझ्या कारखान्याला तो कायदा लागू नाही.

संध्याकाळी वकील काकांकडे गेलो. ते म्हणाले, "१९६८ साली सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या शिक्षकांच्या खटल्यात सांगितलं, की नियमात प्रोबेशनची कमाल मुदत ठरलेली असेल आणि ती उलटूनही माणसाला ठेवलं, तर तो कायम झाला असं मानायचं. पण कायम करायला वेगळा आदेश लागेल असं नियमातच लिहिलेलं असेल, तर नुसती मुदत उलटून भागत नाही. तुझ्या पत्रात दोन्ही ओळी आहेत, म्हणून तू भांडू नको, माग."

माझ्या पत्रावर 'सुपरवायझर' लिहिलंय. काम मात्र लाइनवरून उतरलेल्या पाइपची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजायची आणि रजिस्टरला चढवायची. काकांच्या मते कामगार कोण हे हुद्द्यावरून नव्हे, कामावरून ठरतं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत कामगाराचं प्रोबेशन तीन महिन्यांचं, आणि ते भरल्यावर सात दिवसांत लेखी कायम करायचं असतं. "पण हे पहिल्या पत्रात घालू नको. पहिल्याच पत्रात कलम दिसलं की एचआर फाइल वकिलाकडे पाठवतो."

जळगाव, १८ फेब्रुवारी
पत्र दिलं. शेवटी राहिलं ते एवढंच:

"मा. मनुष्यबळ व्यवस्थापक यांस,
विषय: प्रोबेशन पूर्ण झाल्याचे लेखी पत्र मिळणेबाबत.
मी ५ फेब्रुवारी २०२४ रोजी रुजू झालो. नेमणूकपत्रानुसार सहा महिन्यांचे प्रोबेशन ४ ऑगस्ट २०२४ रोजी पूर्ण झाले. मुदत वाढवल्याचे पत्र मला मिळालेले नाही. ऑगस्टपासून पगाराच्या पावतीवर हक्काची रजा जमा होत आहे. तरी ५ ऑगस्ट २०२४ पासून मला कायम केल्याचे पत्र, हुद्दा व नोटिशीच्या मुदतीसह, द्यावे. काही अडचण असल्यास तीही लेखी कळवावी, ही विनंती."

रजेची ओळ मला सर्वात आवडली. प्रोबेशनवाल्याला आमच्याकडे ती रजा मिळत नाही, म्हणजे कंपनीच्याच संगणकाने मला आधी पर्मनंट करून टाकलंय. बँकेचा उल्लेख मुद्दाम टाळला. कर्जासाठी दाखला मागितला की "नोकरीत आहेत" एवढाच दाखला हातात पडतो. दोन प्रती नेल्या. आवकचा क्लार्क म्हणाला, "ठेवून जा ना भाऊ." मी उभाच राहिलो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली, मग तीच प्रत मेलनेही पाठवली.

२७ फेब्रुवारी
पत्राचा मसुदा दाखवला. सगळं ठीक, फक्त "आजपासून कायम". एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "काय फरक पडतो?" पडतो. आजची तारीख स्वीकारली की मधले महिने मी प्रोबेशनवर होतो हे माझ्याच सहीने कबूल होतं, आणि कन्फर्मेशनची पगारवाढही तिथूनच मोजली जाते. ग्रॅच्युइटीचं तसं नाही, ती रुजू झाल्यापासूनच धरतात. "मॅडम, वाढवल्याचं पत्र असेल तर दाखवा, मी सही करतो," म्हणालो. त्यांनी फाइल चाळली. मसुदा परत घेतला.

६ मार्च
पत्र मिळालं, ५ ऑगस्ट २०२४ पासून. एक झेरॉक्स बँकेत दिली. पगारवाढीबद्दल पत्रात अवाक्षर नाही. थकबाकी ऑगस्टपासून निघते. मार्चच्या पावतीत दिसली नाही तर दुसरं पत्र, पुन्हा दोन प्रतींत.