चाळीसजणी कोणत्या?

क्षेत्रकार्यावर उभ्या राहिलेल्या प्रबंधाच्या मौखिकीत परीक्षकांचा पहिला अवघड प्रश्न बहुधा निष्कर्षांविषयी नसतो. ज्यांच्या बोलण्यावर ते निष्कर्ष उभे आहेत ती माणसे संशोधकाला कोणत्या वाटेने भेटली, याविषयी तो असतो. या प्रश्नाचे उत्तर पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, ते क्षेत्रदैनंदिनीत, म्हणजे गावात रोज रात्री लिहिलेल्या टिपणवहीत असते आणि सादरीकरणाची तयारी तेथूनच सुरू व्हावी लागते.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रबंध घेता येईल. विषय बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे कर्ज. आधार तीन गावांतील 40 मुलाखतींचा. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात; हंगामाआधी मुकादम त्या जोडीला जी आगाऊ रक्कम देतो ती ‘उचल’, आणि पुढे ऊस तोडून ती फेडायची असते. या 40 स्त्रिया निवडल्या कशा, असे विचारल्यावर ‘यादृच्छिक पद्धतीने’ असे उत्तर आले, तर ते टिकत नाही, कारण यादृच्छिक निवडीसाठी समूहातील प्रत्येक व्यक्तीची यादी हाताशी असावी लागते आणि प्रत्येकीची निवड होण्याची शक्यता आधी ठाऊक असावी लागते. येथे तशी यादी नव्हती, शिवाय दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडल्या की हंगामभर गावात प्रामुख्याने म्हातारी माणसे आणि मुलेच उरतात. खरे उत्तर असे की निवड ‘हिमगोल’ पद्धतीची होती, म्हणजे एकीने दुसरीचे आणि दुसरीने तिसरीचे नाव सुचवले. ही पद्धत सदोष नाही, मात्र पहिले नाव कोणी सुचवले यावर पुढची सगळी साखळी ठरते.

म्हणून सादरीकरणात ‘एकूण मुलाखती 40’ एवढ्यावर न थांबता त्यांची विभागणी दाखवावी. समजा, 28 स्त्रिया दोन मुकादमांच्या ओळखीने भेटल्या आणि 12 जणी गावातील आशा कार्यकर्तीमार्फत भेटल्या. पहिल्या गटातील बहुतेकींनी हंगामाअखेर उचल फिटते असे सांगितले, तर दुसऱ्या गटातील बहुतेकींनी बाकी पुढच्या वर्षावर चढते असे सांगितले. ही तफावत झाकून सरासरी मांडली की परीक्षक ती शोधून काढतात. ती आपणहून पुढे ठेवली तर तीच प्रबंधातील महत्त्वाची नोंद ठरते. यानंतरचा प्रश्न 40 वरच का थांबलात, हा असतो. त्यावर ‘संपृक्तता’ हा शब्द पुढे केला जातो. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या या संकल्पनेनुसार नव्या माहितीतून विश्लेषणात नवे काही भरेनासे झाले की थांबावे. परंतु एकाच मुकादमाच्या वर्तुळात फिरत राहिल्यास विसाव्या मुलाखतीतही तेच ऐकू येते; ती संपृक्तता नव्हे, तो एकाच आवाजाचा प्रतिध्वनी असतो. वाट बदलल्यावरही नवे काही येईनासे झाले, असे सांगता आले तरच तो शब्द वापरावा.

दुसरा प्रश्न अभिनतीचा, म्हणजे संशोधकाच्या स्थानामुळे माहिती एका बाजूला कलण्याचा असतो. ‘तटस्थता पाळली’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये कर्नाटकातील ज्या गावात राहिले, त्याला त्यांनी ‘रामपुरा’ असे नाव दिले. आपल्याला ते गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसले, हे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवले आणि त्यामुळे त्या लेखनाची मर्यादा व विश्वासार्हता दोन्ही वाचकाला कळतात. कल्पित प्रबंधाची संशोधक त्याच जिल्ह्यातील शेतमालक कुटुंबातील असेल, मुलाखती हंगामानंतर, पुढच्या उचलीची बोलणी चालू असताना झाल्या असतील आणि 11 मुलाखतींच्या वेळी मुकादम किंवा नवरा ओसरीवर बसलेला असेल, तर कल कोणत्या दिशेला पडला हे नेमके सांगता येते: कर्ज कमी आणि समाधान जास्त सांगितले जाण्याकडे. त्या 11 मुलाखती वेगळ्या काढून निष्कर्ष पुन्हा तपासला आणि तो किती बदलला ते दाखवले, की पूर्वग्रहाची कबुली ही निव्वळ औपचारिकता उरत नाही. ही तपासणी दैनंदिनीत ‘शेजारी कोण होते’ असा रकाना असला तरच शक्य होते. मौखिकीच्या आदल्या आठवड्यात तो रकाना आठवणीने भरणे म्हणजे पुरावा घडवणे होय.

तयारीची शेवटची पायरी म्हणून प्रत्येक निष्कर्षाखाली, तो कोणाविषयी खरा आहे आणि कोणाला भेटता आले नाही, हे एका वाक्यात लिहावे. गाव कायमचे सोडून गेलेली कुटुंबे किंवा उचल न फिटल्यामुळे मुकादमाने दूर ठेवलेल्या जोड्या या नमुन्यात नाहीत, हे परीक्षकांनी विचारण्याआधी प्रबंधात यायला हवे. ‘ऊसतोड स्त्रिया असे मानतात’ या विधानापेक्षा ‘मुकादमाच्या ओळखीने भेटलेल्या 28 जणींनी, कित्येकदा त्याच्या समक्ष, असे सांगितले’ हे विधान लहान आहे, पण परीक्षकांपुढे तेच टिकते.