हातात सिम आहे तोवर

व्हॉट्सॲपचं खातं चोरीला गेलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांनी आशा सोडलेली असते. पडद्यावर सहा आकडी पिन मागितला जातो, तो त्यांनी कधी ठेवलेलाच नसतो, आणि 'सात दिवस थांबा' अशी सूचना दिसते. आता सात दिवस चोर आपल्या नावाने धुमाकूळ घालणार असं समजून ते फोन बाजूला ठेवतात. खरं तर तो पडदा दिसला याचा अर्थ चोर बाहेर गेलेला असतो. डिजिटल सुरक्षेचं काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागणारी गोष्ट हीच.

एका निवृत्त शिक्षिकांचं उदाहरण घेतो. रविवारी सकाळी त्यांना भिशीतल्या मैत्रिणीचा निरोप आला. 'अगं, माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय, लगेच पाठव ना.' पाठोपाठ एसएमएस आला, त्यात सहा आकडे होते. हा कोड कोणाला देऊ नका, असं त्याच एसएमएसमध्ये लिहिलेलं होतं. पण मागणारी ओळखीची, फोटो तिचाच, नंबरही तिचाच. बाईंनी आकडे पाठवले. दोनच मिनिटांत त्यांच्या फोनवर सूचना आली की हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही.

मैत्रीण खोटी नव्हती, पण तिचं खातं आदल्या दिवशीच गेलेलं होतं. ही फसवणूक अशीच एका माणसाच्या ओळखीवरून पुढच्या माणसापर्यंत जाते, म्हणून 'अनोळखी माणसाला कोड देऊ नका' हा सल्ला इथे अपुरा पडतो. आणि कोड 'चुकून' तिसऱ्याच नंबरवर जात नाही. ज्या नंबरचं खातं उघडायचं असतं, त्याच नंबरवर तो जातो. आपल्या फोनवर आला, तर तो आपल्याच खात्याचा.

व्हॉट्सॲपला पासवर्ड नसतो, तिथे फोन नंबर हीच ओळख. नव्या फोनवर कोणी आपला नंबर टाकला, की कंपनी त्या नंबरवर कोड पाठवते. तो कोड ज्या फोनवर भरला जाईल तो खरा, आणि आधीचा फोन बाहेर. एका नंबरचं खातं एका वेळी एकाच मुख्य फोनवर चालतं. चोराने बाईंना बाहेर काढलं ते याच नियमाने, आणि हा नियम बाईंच्याही बाजूने चालतो. सिम त्यांच्या फोनमध्ये होतं. नवा कोड मागवला तर तो त्यांच्याकडेच येणार होता. चोराला मात्र प्रत्येक वेळी कोणाला तरी फसवावं लागतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये आपला नंबर पुन्हा टाकायचा आणि कोड मागवायचा. ॲप काढून टाकायचं नाही. जुन्या गप्पा फोनमध्येच साठवलेल्या असतात आणि बॅकअप नसेल तर ॲपबरोबर त्याही जातात. बाईंच्या मुलाने पुण्याहून फोनवर हेच करायला सांगितलं होतं, पण पडद्यावर आलं की पुढचा कोड काही तासांनी मागता येईल. ही चोरांची आवडती खेळी आहे. ते मुद्दाम अनेकदा कोड मागवतात किंवा चुकीचे आकडे भरतात, म्हणजे प्रतीक्षा वाढत जाते आणि खऱ्या मालकाचे तास वाया जातात. अशा वेळी अंदाजाने आकडे भरत बसलं तर प्रतीक्षा आणखी लांबते. घड्याळ लावून शांत राहायचं, आणि मुदत संपल्यावर सगळ्यात शेवटी आलेला कोड भरायचा. आधीचे एसएमएस निरुपयोगी असतात.

त्या तासांत चोर काय करत होता? बाईंच्या जुन्या गप्पा त्याला दिसत नव्हत्या, कारण त्या बाईंच्या फोनमध्ये होत्या. पण बाई ज्या ज्या ग्रुपमध्ये होत्या त्यांतली माणसं त्याला दिसत होती, आणि नवे निरोप त्याच्याकडेच जात होते. सोसायटीच्या ग्रुपमधल्या अनेकांना स्वतंत्रपणे निरोप गेला: 'यूपीआयची आजची मर्यादा संपली आहे, पंचवीस हजार पाठवता का, संध्याकाळी देते.' एका शेजाऱ्याने पाठवलेही. दुसरीने साधा फोन लावला म्हणून ती वाचली. खात्याशी फोन नंबरच्या साध्या कॉलचा काही संबंध नसतो, तो बाईंनाच लागतो. त्यामुळे प्रतीक्षेच्या वेळात मालकाने करण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक मोठ्या ग्रुपमधल्या एकाला कॉल करून तिथे इशारा टाकायला सांगणं.

ज्याचे पैसे गेले त्याने मात्र खातं परत येण्याची वाट पाहायची नाही. 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरायला वेळ लागत नाही, त्यामुळे तक्रार जितकी लवकर, तितकी बँकेने ते थांबवण्याची शक्यता जास्त. ही तक्रार पैसे देणाऱ्याची आहे. बाईंनी आपल्या खात्याबद्दलची तक्रार वेगळी द्यायची.

संध्याकाळी मुदत संपली, कोड आला, बाईंनी तो भरला, आणि सुरुवातीला सांगितलेला पडदा समोर आला. आत शिरताच चोराने दुहेरी पडताळणी सुरू करून स्वतःचा पिन ठेवला होता. बाई हताश झाल्या. पण त्यांचा कोड स्वीकारला गेला त्याच क्षणी चोर बाहेर पडला होता, पिन त्याला माहीत असला तरी. पुन्हा आत यायला त्याला नवा एसएमएस कोड लागणार, आणि तो येणार बाईंच्या फोनवर. खातं सात दिवस बंद दुकानासारखं राहतं, मालकालाही उघडत नाही आणि चोरालाही नाही. या काळात एकच पथ्य, कोणीही, अगदी व्हॉट्सॲपचा कर्मचारी म्हणवणाऱ्यानेही, कोड मागितला तर द्यायचा नाही. तसे फोन हमखास येतात.

आठव्या दिवशी बाईंनी पुन्हा कोड मागवला, पिनच्या पडद्यावर 'पिन विसरलो' हा पर्याय निवडला आणि खातं उघडलं. फोनमधल्या गप्पा जशाच्या तशा होत्या. चोराच्या ताब्यातल्या तासांत त्याच्याकडे पोचलेले निरोप मात्र परत आले नाहीत. लगेच त्यांनी सेटिंग्जमध्ये Two-step verification उघडून स्वतःचा पिन ठेवला आणि आपला ईमेल पत्ता जोडला. पिन आधीच असता तर त्या सकाळी नुसता एसएमएस कोड चोराला पुरला नसता.

हल्ली याच फसवणुकीचा दुसरा प्रकार दिसतो, आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. यात चोर आपला फोन बाहेर काढत नाही. तो आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड देतो आणि फोटो पाहायला किंवा मतदान करायला तो व्हॉट्सॲपमध्ये भरा म्हणतो. भरला की त्याचा संगणक आपल्या खात्याला जोडला जातो. इथे कोड मागितला जात नाही, दिला जातो, त्यामुळे सावध माणूसही फसतो. आपलं ॲप नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून कळतही नाही, आणि जोडलेल्या उपकरणावर अलीकडच्या जुन्या गप्पाही उतरतात. तपासायचं ठिकाण एकच, Linked devices. तिथे न ओळखीचं ब्राउझर किंवा संगणक दिसला तर त्यावर टिचकी मारून Log out करायचं. यात सात दिवस थांबावं लागत नाही. बाईंच्या मैत्रिणीच्या फोनवर आम्ही हेही पाहिलं. तिथे काही नव्हतं, तिचंही खातं एसएमएस कोडनेच गेलं होतं, आणि त्याच पद्धतीने परत आलं.