शून्य उशिरा येते

पुस्तकातला सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर म्हणजे पानांचे आकडे. ते आपल्याला दिसतात, पण आपण ते वाचत नाही. अर्ध्यावर सोडलेली गोष्ट पुन्हा हाती घेताना तेवढी त्यांची आठवण होते, आणि पान सापडले की आकडा पुन्हा कोपऱ्यात विरून जातो. जुळाऱ्याला मात्र तो असा विरू देता येत नसे. खिळे जुळवून छापायच्या काळात कोपऱ्यातला प्रत्येक अंक ही बोटांच्या चिमटीत धरायची वस्तू होती. पान २७४ म्हणजे दोन, सात आणि चार असे शिशाचे तीन खिळे, केसमधल्या तीन वेगळ्या खणांतून उचललेले. पुस्तकाला किती पाने लागतील हे लेखकही सांगू शकतो. किती अंक लागतील, हा प्रश्न खिळे मोजणाऱ्याचा.

एक पुस्तक घेऊ. सोळा पानी एकवीस फर्मे, म्हणजे ३३६ पाने. खऱ्या पुस्तकात मुखपृष्ठानंतरच्या पानांवर आकडा छापत नाहीत, कोऱ्या पानांवर नसतो, प्रस्तावनेला कधी वेगळे क्रमांक देतात. ते सगळे बाजूला ठेवू. आपल्या पुस्तकात पहिल्या पानावर १ आहे, शेवटच्या पानावर ३३६ आहे आणि मधले एकही पान सुटलेले नाही.

पहिल्या नऊ पानांना प्रत्येकी एक अंक पुरतो. दहापासून नव्व्याण्णवपर्यंत नव्वद पाने, त्यांचे १८० अंक. शंभरपासून प्रत्येक पानाला तीन. इथे घाई करणारा ३३६ मधून १०० वजा करतो आणि २३६ पाने धरतो. पण मग शंभरावे पान कुणाच्याच हिशेबात राहत नाही. ते नव्व्याण्णवाच्या आत नाही आणि वजा केल्यावर उरलेल्यांतही नाही. वजा करायचे ते ९९, कारण तेवढीच पाने आपण मोजून संपवली आहेत. म्हणजे तीन अंकी पाने २३७ आणि त्यांचे अंक ७११. नऊ, एकशे ऐंशी आणि सातशे अकरा यांची बेरीज बरोबर ९०० भरते. इतकी गोल संख्या येईल असे मला वाटले नव्हते. उदाहरण निवडताना माझे लक्ष फक्त फर्म्यांकडे होते.

हाच हिशेब उलटाही चालतो. अंक नऊशे लागले, तर पाने किती? आधी १८९ अंक वजा करायचे, कारण तेवढे पहिल्या नव्व्याण्णव पानांत गेले. उरलेल्या ७११ ला तिनाने भागले की २३७, त्यात ९९ मिळवले की ३३६. भागाकार निःशेष झाला नाही, तर कुठेतरी चूक आहे हे लगेच कळते. नऊशे एक अंकांत संपणारे पुस्तक असूच शकत नाही. तो एकटा अंक कोणत्याही पानावर बसणार नाही.

पण नऊशे खिळे म्हणजे दहाही अंकांचे नव्वद नव्वद खिळे नव्हेत. इथून पुढे हिशेबाला रंग चढतो.

पावतीपुस्तकांवर क्रमांक मारायचे नंबरिंग मशीन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट पटकन समजेल. जुन्या वीजमीटरमध्ये असत तशी त्यात अंकांची चाके असतात. ते पहिल्या पावतीवर ००१ मारते, मग ००२. एककाचे चाक पुरते फिरले की दशकाचे एक घर पुढे सरकते. ००० पासून ९९९ पर्यंत असे चालू दिले, तर कुणावरच अन्याय होत नाही. हजार क्रमांक, प्रत्येकी तीन घरे, एकूण तीन हजार अंक, आणि प्रत्येक अंक नेमका तीनशे वेळा. शून्याचा मानही नवाइतकाच. विषमता येते ती दोन कारणांनी. एक म्हणजे आपण हजारापर्यंत जात नाही, मध्येच थांबतो. दुसरे म्हणजे पुस्तकात कोणी ००७ छापत नाही. पुढची शून्ये गाळतो.

आपल्या पुस्तकातला तीन हा अंकच मोजून पाहू. एकेका घराचा वेगळा विचार केला की गोंधळ होत नाही. एककाच्या घरात तीन येतो ३, १३, २३ असे करत ३३३ पर्यंत, म्हणजे चौतीस वेळा. दशकाच्या घरात तीसच्या, एकशे तीसच्या आणि दोनशे तीसच्या घरांत दहा दहा मिळून तीस, आणि शेवटी ३३० ते ३३६ ही सात पाने, म्हणजे सदतीस. शतकाच्या घरात ३०० ते ३३६, पुन्हा सदतीस. एकूण १०८. पान ३३३ तिन्ही घरांत मोजले गेले आणि तसेच हवे, कारण त्याला खिळे तीन लागतात. तीन हा अंक असलेली पाने किती, असे कोणी विचारले तर मात्र ते एकदाच धरायचे, आणि मग उत्तर ९४ येते. दोन्ही प्रश्न ऐकायला सारखे आहेत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मुले चुकतात ती बहुधा याच जागी: एक ते शंभरमध्ये नऊ हा अंक वीस वेळा येतो, पण नऊ असलेल्या संख्या एकोणीसच आहेत. नव्व्याण्णव एकटा दोनदा हजेरी लावून जातो.

याच रीतीने बाकीचे अंक मोजले की चित्र पुरे होते. एक आणि दोन प्रत्येकी १७४ वेळा, कारण त्यांना शतकाच्या घरात शंभर शंभर पानांचे राज्य मिळाले. तीन १०८. चार, पाच आणि सहा ६४ वेळा. सात, आठ आणि नऊ ६३ वेळा. त्या एकाचा फरक शेवटच्या पानामुळे पडला. पुस्तक ३३९ पर्यंत गेले असते तर सात, आठ, नऊ यांनाही आपापला चौसष्टावा खिळा मिळाला असता. आणि शून्य ६३. सगळ्यांची बेरीज केली की नऊशे भरतात. न भरले तर एखादे घर मोजायचे राहिले समजावे.

मग छापखान्याने एकाचे १७४ खिळे बाळगायचे का? नाही. इथे कागदावरचा हिशेब आणि छापखान्याचा हिशेब वेगळे होतात. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत आपापल्या खणांत जातात आणि पुढच्या फर्म्याला तेच कामी येतात. एका वेळी एकच फर्मा बांधला, तर मालकाला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की कुठल्या एका फर्म्यात कुठला अंक सर्वांत जास्त लागेल. एकाची सर्वांत मोठी मागणी आठव्या फर्म्यात येते, पाने ११३ ते १२८. सोळा एक शतकाच्या घरात, सात दशकाच्या आणि १२१ मधला शेवटचा, असे चोवीस. तरीही सगळ्या पुस्तकात सर्वांत हावरा फर्मा तो नव्हे. तो शेवटचा, ३२१ ते ३३६. तिथे तिनाचे सोळा, सात आणि दोन असे पंचवीस खिळे लागतात. एकूण मोजणीत एकाहून कितीतरी मागे असलेला तीन शेवटच्या फर्म्यात सर्वांच्या पुढे जातो. जुळारी पहिले वीस फर्मे निर्धास्तपणे बांधेल आणि नेमका शेवटी, प्रकाशक दारात उभा असताना, तिनाच्या खणात हात घालून थांबेल.

आता शून्य. पहिल्या नऊ पानांत ते कुठेच नाही. दहाव्या पानावर पहिल्यांदा येते. इतर अंक एकटे उभे राहू शकतात, शून्याच्या पुढे मात्र कोणीतरी असावेच लागते. शिष्यवृत्तीला बसलेल्या मुलांना एक ते शंभरचा हिशेब तोंडपाठ असतो: शून्य अकरा वेळा, एक एकवीस वेळा, बाकीचे वीस वीस वेळा. हे अकरा अनेकांना अर्धवट, विस्कळीत वाटतात. मला तेच सर्वांत सुबक वाटतात, कारण एक ते दहा लिहायला अंक अकराच लागतात. आणि हा योगायोग नाही. एक ते हजारमधली शून्ये १९२ आहेत, आणि एक ते शंभर लिहायला लागणारे अंकही १९२.

असे का व्हावे? प्रत्येक शून्याच्या लगेच डाव्या हाताला एक अंक असतोच. ते शून्य खोडा आणि डावीकडच्या अंकावर बोट ठेवा. ४०७ मधले शून्य खोडले तर ४७ उरले आणि बोट चारावर. ४७० मधले खोडले तर पुन्हा ४७, पण या वेळी बोट सातावर. उलट जायचे तर लहान संख्येतल्या ज्या अंकावर बोट असेल त्याच्यानंतर एक शून्य लिहायचे. चाळीसमधल्या चारावर बोट ठेवले की ४०० मधले पहिले शून्य मिळते, शून्यावर ठेवले की दुसरे. मोठ्या यादीतले एकेक शून्य आणि लहान यादीतला एकेक अंक यांची अशी जोडी लागते. कोणी उरत नाही, कोणी दोनदा येत नाही.

आपले पुस्तक हजाराच्या किती तरी आधी थांबते, म्हणून इथे जोड्या जुळवताना काठावर लक्ष ठेवावे लागते. १ ते ३३ लिहायला ५७ अंक लागतात. त्यांतल्या कुठल्याही अंकानंतर शून्य घातले तरी येणारी संख्या पुस्तकाच्या आतच राहते. सर्वांत मोठी ३३०. चौतीसला मात्र चारानंतर शून्य जोडले तर ३४० होतात आणि ते पान आपल्याकडे नाही. पण तिनानंतर जोडले तर ३०४, आणि ते आहे. पस्तीस ते एकोणचाळीस यांचेही तसेच: अर्धी वाट बंद, अर्धी उघडी. चाळीसपासून दोन्ही बंद. म्हणजे ३०४ ते ३०९ ही सहा शून्ये वर मिळवायची. सत्तावन्न आणि सहा, त्रेसष्ट. घरोघर फिरून मोजली तेव्हा आली होती तेवढीच.