करंगळीखालची रेषा

आरोग्यरेषा शोधायची तर करंगळीखालच्या उंचवट्यापासून, म्हणजे बुधाच्या पर्वतापासून सुरुवात करावी. तिथून मनगटाकडे तिरकी उतरणारी रेषा दिसली तर ती आरोग्यरेषा. काही जण तिला बुधरेषा म्हणतात. अनेकांच्या हातावर ती नसतेच. काहींच्या हातावर ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक असते. हात दाखवायला आलेला माणूस नेमका याच रेषेपाशी थांबतो आणि विचारतो, "तब्येतीचं काय?"

या प्रश्नाला पुस्तकं वेगवेगळी उत्तरं देतात. कीरो या नावाने जगभर गाजलेल्या विल्यम जॉन वॉर्नरच्या मते ही रेषा हातावर नसणंच उत्तम. ती आयुष्यरेषेला तितक्याच ठळकपणे येऊन मिळाली, तर मिळण्याची जागा मृत्यूचा काळ दाखवते, असंही तो लिहितो. अमेरिकेच्या विल्यम बेनहॅमचा ग्रंथ १९०० सालचा. त्याच्या लेखी खोल, अखंड बुधरेषा हे चांगल्या पचनाचं आणि सशक्त यकृताचं लक्षण. म्हणजे एकाच स्पष्ट रेषेवर एक ग्रंथ काळजी करायला सांगतो आणि दुसरा समाधान मानायला. दोघांचा धागा मात्र जुन्या युरोपीय परंपरेपर्यंत जातो. तिथे ही रेषा यकृताशी जोडलेली होती, कारण शरीरातल्या चार रसांचा तोल बिघडला की आजार होतो असं त्या काळचं वैद्यक मानत असे. ते वैद्यक मागे पडलं, रेषेचा अर्थ मात्र तसाच राहिला.

तळहाताच्या मुख्य घड्या गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीतच तयार होऊ लागतात. आरोग्यरेषा त्या मुख्य घड्यांपैकी नव्हे. ती करंगळीकडच्या मांसल भागावरून जाते, जिथे अंगठा आणि करंगळी जवळ आणली की कातडीला बारीक सुरकुत्या पडतात. हात ओंजळीसारखा करून पाहावा, तिथल्या रेषा गडद होतात. तळवा ताणला की फिक्या होतात. रोज भांडी-धुणं करणाऱ्या, साबणाने किंवा सिमेंटने कातडी कोरडी पडलेल्या हातावर त्या भागात बारीक रेघांचं जाळं उमटतं. पुस्तकातलं 'तुटक आरोग्यरेषे'चं वर्णन अशा हाताला सहज लागू पडतं, आणि त्याचा पोटाशी काही संबंध नसतो.

रेषेवर विसंबण्याचा धोका नीट दिसावा म्हणून एक हात समजा. बाई पंचेचाळिशीच्या. थकवा येतो, जिना चढताना दम लागतो. तळहातावर आरोग्यरेषा नाही. कीरोच्या नियमाने निदान सोपं: प्रकृती उत्तम. बाई समाधानाने घरी जातात आणि रक्त तपासायचं राहून जातं. त्यांचा तळवा मात्र फिका आहे आणि नखं मधोमध खोलगट, चमच्यासारखी झाली आहेत. अशी नखं लोहाच्या कमतरतेत दिसू शकतात, पण तीही केवळ एक खूण. खात्री हिमोग्लोबिन आणि पुढच्या तपासण्यांनी होते आणि रक्त कुठून कमी होतंय हे डॉक्टरच शोधू शकतात. रेषा वाचणाऱ्याने इथे एवढंच म्हणावं, "ताई, हा थकवा रेषेत शोधू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा." खोटी भीती घालणं वाईटच, पण माझ्या मते खोटा दिलासा त्याहून घातक. घाबरलेला माणूस निदान तपासणी तरी करतो.

आयुष्यरेषेबद्दल १९९० साली ब्रिटनमध्ये शंभर मृतदेहांच्या हातांची मोजणी झाली होती. रेषेची लांबी आणि मृत्यूसमयीचं वय यांत संबंध आढळला, आणि हस्तरेषावाले तो आजही मोठ्या उत्साहाने सांगतात. पण ही मोजणी मृत्यूनंतरची आहे. वयाबरोबर कातडी सुरकुतते, घड्या लांबतात, त्यामुळे दीर्घ आयुष्याने रेषा लांबली असंही असू शकतं. आरोग्यरेषा तर त्या मोजणीत नव्हतीच.

म्हणून जबाबदार जाणकार या रेषेचं फक्त वर्णन करतो: कुठून निघते, कुठे तुटते, परंपरा तिला काय म्हणते. कावीळ, हृदयविकार, गर्भधारणा, मृत्यूचं वय यांचा उच्चार तो करत नाही. पुष्कराज किंवा पाचूची अंगठी सुचवून औषध बंद करायला तर कधीच सांगत नाही. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशा जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. समोरचा माणूस हट्टाने विचारतो, "पण पचन तरी सांगा ना." त्यावर उलट त्यालाच विचारावं: त्रास बरेच दिवस आहे का, वजन घटलंय का, शौचातून रक्त जातंय का. यातल्या एकाचंही उत्तर होकारार्थी आलं, तर हात मिटायला सांगून त्याला त्याच दिवशी दवाखान्याकडे पाठवावं.