रुंद पट्ट्याची खालची कड

कानबान बोर्डावरच्या क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राममध्ये जो पट्टा रुंद होत जातो, त्या टप्प्यावर माणसं कमी पडतात, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. टीम लीड असताना मी ते इतरांना शिकवलंही. आज माझं मत वेगळं आहे. रुंद पट्टा काम कुठे साचलंय ते सांगतो. का साचलंय याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पट्ट्याच्या आत नसतंच, ते त्याच्या खालच्या कडेपलीकडे असतं. हा बदल एका प्रकल्पामुळे झाला, म्हणून तो प्रकल्प सविस्तर सांगते.

आधी आकृतीबद्दल थोडं. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर कार्डांची संख्या. बोर्डाच्या प्रत्येक कॉलममध्ये आजवर एकूण किती कार्डं शिरली, याची एकेक रेषा काढायची. एकूण संख्या असल्यामुळे रेषा वर चढते किंवा आडवी राहते, खाली कधी उतरत नाही. लागून असलेल्या दोन रेषांमधली जागा म्हणजे त्या कॉलमचा पट्टा. पट्ट्याची वरची कड म्हणजे आत आलेलं काम, खालची कड म्हणजे बाहेर पडलेलं काम. दोन्ही कडांमधलं उभं अंतर मोजलं की आज त्या कॉलममध्ये किती कार्डं आहेत ते कळतं. आडवं अंतर मोजलं की आज आत शिरलेलं कार्ड साधारण किती दिवसांनी बाहेर पडेल त्याचा अंदाज येतो.

आमची पुण्यातली टीम एका विमा कंपनीसाठी क्लेमचं मॉड्यूल करत होती. चार डेव्हलपर, दोन टेस्टर. बोर्ड अगदी साधा होता: तयार, डेव्हलपमेंट, टेस्टिंग, पूर्ण. टेस्टिंगवर विप लिमिट चारचं, म्हणजे एका वेळी त्या कॉलममध्ये चारच कार्डं. डेव्हलपमेंटवर लिमिट नव्हतं. सुरुवातीला डेव्हलपमेंटमध्ये एकूण 40 कार्डं शिरलेली होती आणि त्यातली 32 पुढे टेस्टिंगला गेलेली होती, म्हणजे पट्टा आठ कार्डांचा. पाच आठवड्यांनी हेच आकडे 70 आणि 52 झाले. पट्टा 18 कार्डांचा झाला. टेस्टिंगचा पट्टा मात्र पूर्ण वेळ चारच कार्डांचा राहिला, जणू पट्टी ठेवून आखलेला.

ही आकृती कोणाच्याही समोर ठेवा, बोट डेव्हलपमेंटवरच जाईल. माझंही तिथेच गेलं. आठवड्याला चार कार्डं बाहेर पडत होती आणि आत 18 होती, म्हणजे एका कार्डाला डेव्हलपमेंटमध्ये साडेचार आठवडे. यामागे जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. हा नियम स्थिर रांगेसाठी आहे आणि आमची रांग वाढत होती, त्यामुळे उत्तर अंदाजाचंच. पण आधी हाच हिशेब दोन आठवडे येत होता आणि आता साडेचार, एवढा फरक डोळ्याआड करता येत नव्हता. आणखी दोन डेव्हलपर मागायचे, असं मी ठरवून टाकलं होतं.

मागणी पाठवायच्या आधी टीमशी बोलले. डेव्हलपरांचं म्हणणं होतं की एक कार्ड आठवड्याभरात होतं, पूर्वीही तेवढ्यातच व्हायचं. मग साडेचार आठवडे कुठून आले? त्याचं उत्तर बोर्डावर नव्हतं, कोड मर्ज झाल्याच्या तारखांमध्ये होतं. प्रत्येक कार्डाची मर्जची तारीख काढून आम्ही स्प्रेडशीटमध्ये तीच आकृती पुन्हा काढली. या वेळी डेव्हलपमेंटचे दोन पट्टे केले: ‘काम चालू’ आणि ‘टेस्टिंगसाठी थांबलेलं’.

चालू कामाचा पट्टा पाचही आठवडे सहा कार्डांवर स्थिर निघाला. आठवड्याला सहा आत, सहा बाहेर. जे फुगलं होतं ते सगळं खालच्या पट्ट्यात, दोन कार्डांवरून 12 वर. डेव्हलपर काम संपवत होते, पण टेस्टिंगचं लिमिट चारचं असल्यामुळे संपलेलं कार्ड पुढे सरकत नव्हतं. बोर्डावर त्याला दुसरी जागाच नव्हती, म्हणून ते डेव्हलपमेंटच्या नावावर पडून राहायचं. मी मागणार होते ते दोन डेव्हलपर खरंच मिळाले असते, तर आठवड्याला सहाऐवजी आठ-नऊ कार्डं तयार झाली असती आणि पट्टा दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने फुगला असता.

माझं मत बदललं ते इथे. ज्या टप्प्याला विप लिमिट असतं, तो टप्पा बॉटलनेक असला तरी त्याचा स्वतःचा पट्टा फुगूच शकत नाही. लिमिट त्याला फुगू देत नाही. कोंडी त्याच्या आधीच्या टप्प्यात दिसते. खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग जिथून सुरू होते तिथे काहीच बंद पडलेलं नसतं, बंद पडलेला ट्रक कित्येक वळणं पुढे असतो. तसा आमचा टेस्टिंगचा चार कार्डांचा सरळ पट्टा. तो निरोगी दिसत होता, कारण तो सतत काठोकाठ भरलेला होता.

मग टेस्टर वाढवायचे का? इथेही माझा जुना विचार डोकावलाच. आमच्यातल्या ज्येष्ठ टेस्टरने तो एका वाक्यात थांबवला. “माझं टेस्टिंग तीन-चार तासांचं असतं गं, पण सर्व्हर रिकामा असेल तर ना!”

टेस्ट सर्व्हर एकच होता. प्रत्येक कार्डाला त्याच्या विमा योजनेचा, ग्राहकांची ओळख झाकलेला डेटा लागायचा आणि तो चढवायचा तर आख्खा डेटाबेस पुन्हा भरावा लागायचा. ते रात्रभर चालायचं. एका रात्री एका कार्डाचा डेटा, कामाच्या आठवड्यात पाच रात्री, त्यातली एखादी रात्र लोड मध्येच तुटल्यामुळे वाया. उरल्या चार. आठवड्याला चार कार्डं हा आमचा वेग माणसांचा नव्हताच, तो त्या रात्रींचा होता. तिसरा टेस्टर आला असता तर तोही सकाळी येऊन थांबलाच असता. आणि रात्रीच्या या लोडला बोर्डावर कॉलम नव्हता, त्यामुळे कितीही निरखून पाहिलं तरी तो आकृतीत दिसणार नव्हता.

कानबान सॉफ्टवेअरमध्ये आणणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांनी सांगितलेलं एक सुरुवातीचं उदाहरण मला यानंतर नीट कळलं. 2004 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारी एक टीम हैदराबादमध्ये होती. मागणी आली की ती पुरी व्हायला सुमारे पाच महिने लागायचे. माणसांचा मोठा वेळ नव्या मागण्यांना किती दिवस लागतील याचे अंदाज देण्यात जात होता. अंदाज देणं थांबवलं, हातातल्या कामावर मर्यादा घातली आणि हा काळ काही आठवड्यांवर आला. तिथेही वेळ खाणारं काम असं होतं की त्याला कोणी टप्पा मानलंच नव्हतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. डेव्हलपमेंटच्या दोन्ही भागांना मिळून आठचं लिमिट लावलं. थांबलेली कार्डं कमी होईपर्यंत नवीन काम कमीच घ्यायचं, असा त्याचा सरळ अर्थ. डेव्हलपरांचे हात त्यामुळे थोडे मोकळे झाले. त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. ती आख्खा डेटाबेस न भरता कार्डाला लागणाऱ्या तेवढ्याच पॉलिसी चढवायची. रात्रभराचं काम तासाभरावर आलं. टेस्टिंगमधून आठवड्याला चारऐवजी सात कार्डं पुढे जाऊ लागली, आत येणारी चारच्या आसपास ठेवली, आणि तीन-चार आठवड्यांत पट्टा 18 वरून आठवर आला. एकही माणूस वाढवला नाही.

आता पट्टा रुंदावताना दिसला की मी आधी कडा वेगवेगळ्या पाहते. वरची कड जास्त उभी झाली असेल तर आत काम जास्त ओतलं जातंय, आणि त्याचा जाब काम देणाऱ्याला विचारायचा. खालची कड आडवी झाली असेल तर बाहेर पडणं मंदावलंय, मग पुढच्या टप्प्यात जायचं आणि तिथलं कार्ड नक्की कशासाठी थांबलंय ते विचारायचं. पट्टा दोन्ही वेळा सारखाच दिसतो, उपाय मात्र उलटे. आमच्याकडे वरच्या कडेचा चढ पूर्ण वेळ आठवड्याला सहाचा होता, खालचा चारचा. हे मी पहिल्या दिवशी मोजलं असतं तरी प्रश्न खालच्या बाजूला आहे हे समजलं असतं.

या आकृतीचा एक धोका सांगायला हवा. टेस्टिंगमध्ये दोष सापडला की कार्ड मागे डेव्हलपमेंटमध्ये ढकलायची बऱ्याच टीमना सवय असते. जिरासारखी साधनं त्या त्या दिवशी कार्ड ज्या कॉलममध्ये असेल तिथे ते मोजतात, म्हणून अशा वेळी टेस्टिंगची रेषा खाली उतरते आणि पट्टा उगाच बारीक होतो. खाली उतरलेली रेषा दिसली की त्या आकृतीवरून निष्कर्ष काढू नयेत. आम्ही आता कार्ड टेस्टिंगमध्येच ठेवतो आणि त्यावर दोषाची खूण लावतो. शिवाय आकृती सगळी सरासरी सांगते. एखादं कार्ड दोन महिने कोपऱ्यात पडून असलं तरी पट्टा गुळगुळीत राहू शकतो. त्यासाठी प्रत्येक कार्डाचं वय वेगळं पाहावं लागतं.

टेस्टिंग मोकळं झाल्यावर टेस्ट झालेल्या कार्डांचा पट्टा वेगळा काढला, तेव्हा शेवटच्या रेषेला पायऱ्या पडलेल्या दिसू लागल्या. दोन आठवडे आडवी, मग एकदम 14-15 कार्डांची उडी. ग्राहक दर दुसऱ्या गुरुवारीच नवीन आवृत्ती स्वीकारतो, म्हणून टेस्ट झालेली कार्डं तोवर साचतात आणि त्या दिवशी एकदम जातात. तोही पट्टा रुंदावतो, पण दर दोन आठवड्यांनी शून्यावर येतो. आमच्या नव्या मॅनेजरनी विचारलं, “ही कोंडी कधी सोडवायची?” ती कोंडी नाही, तो ग्राहकाने त्याच्या शाखांच्या सोयीसाठी ठरवलेला दिवस आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या पट्ट्याला आम्ही हात लावलेला नाही.