मोटर गेली म्हणे!

आमचं फ्रंट लोड मशीन दहा वर्षांचं. आठवडाभर जळका वास येत होता, परवा ड्रम फिरेचना. आई अंथरुणाला खिळलेली, रोज दोन-तीन चादरी निघतात. मेकॅनिक म्हणाला, "मोटर गेली, नवीनच घ्या." बायकोही तयार झाली.

म्हटलं, आधी मोटर काढून दाखवा. आतले कार्बन झिजून इवलेसे उरले होते, कम्युटेटरला टेकतच नव्हते. कम्युटेटर मात्र जळलेला नव्हता. मग रिकामा ड्रम हाताने फिरवला, खरखर नाही. वरखाली हलवला, ढिला नाही. म्हणजे बेअरिंग शाबूत. तेही गेलं असतं तर मीही नवीनच आणलं असतं.

कार्बनची जोडी बदलली. संध्याकाळी चादरी दोरीवर होत्या. आता ड्रम गडगडायला लागला, की मात्र निरोप!